भागीदारी फर्मचा नफा वाटताना: आधी व्याज, मग मेहनताना, शेवटी नफा

शिरोली एमआयडीसीत नाहीतर गोकुळ शिरगावला दोघा-तिघांनी मिळून मशीन शॉप काढलं की पहिल्या मार्चअखेरीस बहुतेकांच्या डोक्यात सरळ हिशेब असतो. अठरा लाख नफा झाला, तिघांत वाटला, ज्याचा त्याने आपापला टॅक्स भरला, संपलं. आयकर खातं असा हिशेब करत नाही. त्याच्या लेखी फर्म हा भागीदारांहून वेगळा करदाता आहे आणि फर्मला पहिल्या रुपयापासून सरळ 30 टक्के कर लागतो. वर 4 टक्के सेस, म्हणजे एकूण 31.2 टक्के. माणसाला मिळते तशी करमुक्त मर्यादा नाही, स्लॅब नाहीत. एक कोटीच्या वर उत्पन्न गेलं तर सरचार्जही लागतो, पण तो आज आपला विषय नाही.

फर्मने कर भरल्यावर उरलेला नफा भागीदारांत वाटला, की तो भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. म्हणजे नफ्यावर कर एकदाच, पण चढ्या दराने. हा चढा कर कमी करायचे दोन मार्ग आहेत. भागीदाराच्या भांडवलावर व्याज देता येतं आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराला मेहनताना देता येतो. या दोन्ही रकमा फर्मच्या उत्पन्नातून वजा होतात आणि भागीदाराच्या हातात त्याच्या स्लॅबप्रमाणे करपात्र ठरतात. कुणीही म्हणेल, मग सगळाच नफा मेहनताना म्हणून काढून घेऊ. तसं होऊ नये म्हणूनच आयकर कायद्याच्या कलम 40(बी) मध्ये मर्यादा घातली आहे. ती मर्यादा कशी काढायची ते एका उदाहरणावर पाहू.

उदाहरण कल्पित आहे, पण अशा फर्म इथे गल्लोगल्ली सापडतील. फाउंड्रीकडून कास्टिंग घ्यायचं, व्हीएमसीवर मशीनिंग करून द्यायचं, जॉबवर्कचं बिल लावायचं. तीन भागीदार आहेत. दादा मशीनवर उभे असतात. बापू, म्हणजे धाकटे भाऊ, गिऱ्हाईक, बिलं आणि वसुली बघतात. तिसरे दाजी. ते पुण्यात नोकरीला आहेत, त्यांनी फक्त पैसा घातलाय, शॉपवर वर्षातून खंडेनवमीला मशीनच्या पूजेपुरते येतात. भांडवल दादांचं 10 लाख, बापूंचं 6 लाख आणि दाजींचं 24 लाख. नफ्यातला हिस्सा 40, 30 आणि 30 टक्के. आर्थिक वर्ष 2025-26. (हे वर्ष 1961 च्या कायद्यात बसतं. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून खालचे क्रमांक या वर्षापुरते धरा.)

पहिली पायरी: भागीदारीपत्र उघडा

कॅल्क्युलेटर नंतर, आधी डीड. फर्मची रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी नसली तरी आयकरात चालतं, पण लेखी भागीदारीपत्र लागतंच. त्यात प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला हवा आणि पहिल्या विवरणपत्राबरोबर सगळ्या भागीदारांनी सही करून प्रमाणित केलेली प्रत द्यावी लागते. पुढे भागीदार किंवा हिस्से बदलले, की पुन्हा नवी प्रत.

डीडमध्ये तीन कलमं शोधा: भांडवलावर व्याज किती टक्के, मेहनताना कुणाला आणि किती, नफा-तोट्याचं प्रमाण काय. ही नसतील तर 1932 चा भागीदारी कायदा रिकामी जागा भरतो आणि ती भरणी सहसा कुणालाच आवडत नाही. नफा सारखा वाटायचा, आणि मेहनताना कुणालाच नाही. दिवसभर मशीनवर राबणारे दादा आणि पुण्यात बसलेले दाजी एकाच मापात.

मेहनतान्याच्या कलमात सगळ्यात जास्त फर्म अडकतात. "कामकाज पाहणाऱ्या भागीदारांना परस्पर संमतीने ठरेल तो मेहनताना देण्यात येईल" हे वाक्य टायपिंगवाल्याकडच्या तयार मसुद्यात हमखास असतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं 25 मार्च 1996 चं परिपत्रक क्रमांक 739 सांगतं, की डीडमध्ये प्रत्येक कामकरी भागीदाराची रक्कम लिहिलेली हवी, नाहीतर ती रक्कम काढायची रीत तरी. "परस्पर संमतीने" ही रक्कमही नाही आणि रीतही नाही. अशा डीडवर अधिकाऱ्याने मेहनताना पूर्ण नाकारला तर भांडायला हातात फारसं काही उरत नाही.

दुसऱ्या टोकाला "कलम 40(बी) प्रमाणे जास्तीत जास्त जेवढा देता येईल तेवढा" एवढंच लिहिलेली डीड आहेत. त्यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. माझं मत विचाराल तर वादाला जागाच ठेवू नये: मर्यादेची रीत लिहावी आणि येणारी रक्कम कामकरी भागीदारांत कोणत्या प्रमाणात वाटायची तेही लिहावं. आपल्या उदाहरणात मर्यादेइतका मेहनताना, दादांना 60 टक्के आणि बापूंना 40 टक्के, असं लिहिलंय. दाजींचं नाव त्या कलमात नाही, आणि ते बरोबरच आहे. मेहनताना फक्त फर्मच्या कामकाजात प्रत्यक्ष लक्ष घालणाऱ्या भागीदारालाच चालतो. नुसता पैसा घातलेल्याला दिलेला मेहनताना वजावटीत एक रुपयाही बसत नाही.

दुसरी पायरी: व्याज

भांडवलावरचं व्याज सरळव्याजाने 12 टक्क्यांपर्यंत वजा होतं. डीडमध्ये 15 लिहिलं असेल तर वरचे 3 टक्के नाकारले जातात. 9 लिहिलं असेल तर 9 च मिळतात, कायद्यात 12 आहे म्हणून 12 घेता येत नाहीत. व्याज सुरुवातीच्या शिलकीवर की रोजच्या शिलकीवर, तेही डीडमध्ये असावं. भागीदाराने वर्षभर मोठ्या उचली घेतल्या असतील तर या दोहोंत बराच फरक पडतो.

आपल्याकडे सुरुवातीच्या शिलकीवर 12 टक्के आहेत. दादांना 1,20,000, बापूंना 72,000 आणि दाजींना 2,88,000. एकूण 4,80,000 रुपये. दाजींना पैशाचा मोबदला मिळण्याची हक्काची जागा हीच.

तिसरी पायरी: बुक प्रॉफिट

नाव 'बुक प्रॉफिट' असलं तरी हा वहीतला नफा नव्हे. वहीतल्या नफ्यात आयकराच्या नियमांप्रमाणे फेरफार करून, व्याज वजा करून, पण मेहनताना वजा करण्याआधी येणारा धंद्याचा नफा म्हणजे बुक प्रॉफिट. नफा-तोटा पत्रकात मेहनताना आधीच खर्ची टाकला असेल तर तो परत मिळवून घ्यायचा. मागच्या वर्षीचा आयकर कुणी खर्चात टाकला असेल तर तोही परत मिळवायचा, कारण आयकर हा वजावटीचा खर्च नाही.

आपल्या फर्मच्या वहीत व्याज आणि मेहनताना धरण्याआधी 18,40,000 नफा दिसतो. त्यात बँकेतल्या एफडीचं 40,000 व्याज जमा आहे. ते जॉबवर्कचं उत्पन्न नाही, 'इतर उत्पन्न' आहे, म्हणून इथून बाहेर काढायचं. उरले 18,00,000. मग घसारा. वहीत 3,00,000 घसारा टाकलाय आणि आयकराच्या दरांनी तो 4,20,000 येतो. आधीचा मिळवला, नवा वजा केला: 16,80,000. त्यातून व्याजाचे 4,80,000 गेले. बुक प्रॉफिट 12,00,000.

घाईत लोक इथे चुकतात. वहीतल्या 18,40,000 मधून थेट व्याज वजा करून 13,60,000 धरतात. त्यावर मर्यादा 9,96,000 येते, खरी मर्यादा आहे 9,00,000. जास्तीचे 96,000 रुपये पुढे तपासणीत उत्पन्नात परत येतात आणि त्यावरचा कर व्याजासकट भरावा लागतो. आपलं चुकलंय का, हे ओळखायची सोपी खूण आहे. मेहनतान्याचं गणित ज्या आकड्यावर केलं, त्यात एफडीचं व्याज, भाडं किंवा प्लॉट विकल्याचा नफा मिसळलेला दिसला, की परत पहिल्यापासून.

चौथी पायरी: मर्यादा

आर्थिक वर्ष 2024-25 पासून मर्यादा वाढली. पहिल्या 6 लाख बुक प्रॉफिटवर 90 टक्के किंवा 3 लाख, यांतलं जे जास्त असेल ते. 6 लाखांच्या वरच्या बुक प्रॉफिटवर 60 टक्के.

आपल्या 12 लाखांपैकी पहिल्या 6 लाखांचे 90 टक्के म्हणजे 5,40,000, आणि उरलेल्या 6 लाखांचे 60 टक्के म्हणजे 3,60,000. एकूण 9,00,000. ही रक्कम सगळ्या कामकरी भागीदारांची मिळून आहे, माणशी नाही. त्या 3 लाखांबद्दलही हाच गैरसमज असतो. दोन कामकरी भागीदार म्हणून 6 लाख होत नाहीत. त्या 3 लाखांचा उपयोग वाईट वर्षात होतो. समजा बुक प्रॉफिट 2 लाखच आलं, तर 90 टक्के होतात 1,80,000, पण 3 लाख मेहनताना चालतो आणि धंद्याला 1 लाख तोटा दिसतो. बुक प्रॉफिटच तोट्यात असलं तरी 3 लाखांपर्यंत देता येतो, अर्थात डीडमध्ये तशी सोय असेल तर.

आता तुमचं डीड 2024 च्या आधीचं असेल तर त्यातली रीत नीट वाचा. जुन्या डीडमध्ये जुनेच आकडे आकड्यांत लिहिलेले असतात: पहिल्या 3 लाखांवर 90 टक्के किंवा दीड लाख, पुढे 60 टक्के. त्या रीतीने आपल्या फर्मला 8,10,000 च मिळाले असते. कायद्याने मर्यादा वाढवली म्हणून डीड आपोआप वाढत नाही. पुरवणी भागीदारीपत्र करावं लागतं.

पाचवी पायरी: फर्मचा कर

मेहनताना 9,00,000 ठरला. दादांना 5,40,000 आणि बापूंना 3,60,000. बुक प्रॉफिटमधून तो गेल्यावर धंद्याचं उत्पन्न 3,00,000 उरतं. बाजूला ठेवलेले एफडीचे 40,000 परत आणायचे. फर्मचं करपात्र उत्पन्न 3,40,000. त्यावर 30 टक्के म्हणजे 1,02,000, आणि सेस 4,080. एकूण 1,06,080 रुपये.

डीडमधल्या एका वाक्याची किंमत इथे कळते. तेच "परस्पर संमतीने"वालं कलम असतं आणि मेहनताना नाकारला गेला असता, तर उत्पन्न 12,40,000 आणि कर 3,86,880 झाला असता. डीडमध्ये दोघांना महिना 20-20 हजार असं लिहिलं असतं, तर वर्षाचे 4,80,000 च वजा होऊन कर 2,37,120 आला असता. मर्यादा 9 लाख असली तरी डीडमध्ये आहे तेवढंच मिळतं.

उलट, दोघांना महिना 50-50 हजार लिहिलं असतं तर? वर्षाचे 12 लाख होतात, पण वजा होतात 9 च. फर्मचा कर तोच, 1,06,080. नाकारलेल्या 3 लाखांवर भागीदारांना पुन्हा कर लागत नाही. मग बिघडलं काय? बिघडलं दाजींचं. ते 3 लाख मेहनताना म्हणून दोघा भावांकडे गेले, नाहीतर नफ्यात राहून त्यांतले 30 टक्के, म्हणजे 90,000 दाजींना मिळाले असते. कराच्या कागदावर न दिसणारी ही गोष्ट घरच्या जेवणाच्या पंगतीत मात्र नक्की दिसते. ठराविक रक्कम लिहायची असेल तर तिन्ही भागीदारांसमोर हा आकडा मांडून मगच लिहा.

सहावी पायरी: उरलेला नफा वाटणं

वाटायला घ्यायचा तो वहीतला नफा, करपात्र उत्पन्न नव्हे. 18,40,000 मधून व्याजाचे 4,80,000 आणि मेहनतान्याचे 9,00,000 गेले की 4,60,000 राहतात. त्यातून फर्मचा आयकर 1,06,080 वजा करायचा, कारण तो फर्मचा आहे, कुणा एकाचा नाही. वाटायला उरले 3,53,920. दादांना 40 टक्क्यांनी 1,41,568, बापूंना आणि दाजींना प्रत्येकी 1,06,176. कराची रक्कम आधी न काढता 4,60,000 वाटून मोकळं झालं, की पुढच्या वर्षी चलन भरायला भागीदारांकडून पैसे मागत फिरावं लागतं.

एकूण कुणाला काय मिळालं ते एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा:

| | व्याज | मेहनताना | नफा | एकूण |
|---|---|---|---|---|
| दादा | 1,20,000 | 5,40,000 | 1,41,568 | 8,01,568 |
| बापू | 72,000 | 3,60,000 | 1,06,176 | 5,38,176 |
| दाजी | 2,88,000 | 0 | 1,06,176 | 3,94,176 |

नफ्याचा रकाना करमुक्त. पहिले दोन रकाने भागीदाराच्या विवरणपत्रात धंद्याचं उत्पन्न म्हणून जातात. दादांचे 6,60,000 आणि बापूंचे 4,32,000. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत रिबेट असल्याने दोघांनाही कर शून्य. मेहनताना हा कायद्याने 'पगार' नाही, म्हणून नोकरदाराला मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन यावर मागू नका. दाजींना मात्र 2,88,000 आपल्या नोकरीच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर भरावा लागेल, आणि त्यांचा नेहमीचा आयटीआर-1 चालणार नाही. भागीदाराला आयटीआर-3 लागतो. फर्मचा आयटीआर-5.

टीडीएस: हे नवं आहे, आणि तारीख अवघड आहे

1 एप्रिल 2025 पासून कलम 194टी आलं. फर्मने भागीदाराला दिलेला मेहनताना, बोनस, कमिशन आणि व्याज मिळून वर्षात 20,000 च्या वर गेले, की 10 टक्के टीडीएस कापायचा. नफ्याच्या हिश्शावर नाही. पैसे हातात दिले नाहीत, नुसते भांडवल खात्यात जमा केले, तरी कापायचा. आपल्या फर्मला दादांचे 66,000, बापूंचे 43,200 आणि दाजींचे 28,800, मिळून 1,38,000 भरावे लागतात. दादा-बापूंना कर नसल्याने त्यांचे पैसे रिफंडने परत येतील, पण तोवर फर्मचं खेळतं भांडवल तेवढ्याने अडकतं. फर्मकडे टॅन नसेल तर आधी तो काढा.

अडचण तारखेची आहे. आपल्याकडे हिशेब हातावेगळा होतो ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीच्या आगेमागे. तेव्हा बुक प्रॉफिट कळतं, तेव्हा मेहनताना निघतो आणि नोंद टाकली जाते 31 मार्चची. पण मार्चच्या नोंदीचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत भरायचा असतो. सप्टेंबरात भरला तर कापून उशिरा भरल्याचं दरमहा दीड टक्के व्याज लागतं. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात कच्चा ताळेबंद काढून अंदाजी मेहनताना धरायचा आणि एप्रिलमध्ये त्यावर टीडीएस भरून टाकायचा. अंतिम आकडा थोडा वाढला तर व्याज त्या फरकावरच लागेल. त्याच कच्च्या आकड्यावरून 15 मार्चच्या शेवटच्या हप्त्याआधी फर्मचा अॅडव्हान्स टॅक्सही बघून घ्यायचा. वर्षाचा कर 10,000 च्या वर असेल तर तो चार हप्त्यांत भरावा लागतो.

दर महिन्याला घरखर्चाला पैसे नेत असाल तर ती उचल कोणत्या नावाने लिहिली जाते ते पाहा. मेहनताना म्हणून लिहिली तर 20,000 ओलांडल्यावर त्या-त्या महिन्याला टीडीएस. भांडवल खात्यातून उचल म्हणून लिहिली तर त्या वेळी नाही. मुनीमजींनी सहा महिने एक नाव आणि सहा महिने दुसरं लिहिलं, की वर्षअखेरीस कोणालाच हिशेब लागत नाही.

44एडी घेणार असाल तर

कलम 44एडीखाली दोन कोटींच्या आतल्या उलाढालीवर, आणि रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, 8 किंवा 6 टक्के नफा दाखवून हिशेबाची कटकट टाळता येते. फर्मच्या बाबतीत यात एक मेख आहे. त्या अंदाजी नफ्यातून भागीदारांचं व्याज आणि मेहनताना वजा होत नाही. आपल्या फर्मची उलाढाल दीड कोटी, सगळी बँकेतून आली, असं धरलं तर 6 टक्क्यांनी 9 लाख नफा आणि त्यावर 2,80,800 कर. वर एफडीच्या व्याजाचा वेगळा. खऱ्या हिशेबाने एफडीसकट 1,06,080 च आला होता. ऑडिट आणि हिशेबाचा खर्च धरूनही दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. मला तरी दोन कामकरी भागीदार असलेल्या फर्मला 44एडी परवडलेलं क्वचितच दिसतं.

डीडची तारीख

पाडव्याच्या मुहूर्तावर नारळ फुटतो, मशीन सुरू होतं आणि डीडवर सह्या होतात जूनमध्ये. डीडच्या तारखेआधीच्या काळाचा मेहनताना किंवा व्याज वजा होत नाही, मागची तारीख घालून "1 एप्रिलपासून लागू" असं लिहिलं तरी. पुरवणी भागीदारीपत्रालाही हाच नियम. जुने आकडे बदलायचे असतील किंवा दाजी नोकरी सोडून शॉपवर येणार असतील, तर पुरवणी डीडचा स्टॅम्पपेपर ते वर्ष सुरू होण्याआधीच, 31 मार्चच्या आत आणा आणि 1 एप्रिलला सह्या करा.